आकड्याची उडी

"बाईचा हिसाब बराबर आहे म्हंते. मंग मिस्त्रीचेच भोकं वाकडे असतीन ना गा."

नळाजवळ हात धुता धुता एक कामगार दुसऱ्याला हे सांगत होता. मी पत्र्याच्या आडोशामागे टेबलाशी बसले होते. पत्रा पातळ होता आणि मी आत आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. दुसरा म्हणाला, "बुढ्याची नजर गेली आता. शेठ नागपूरहून नवा मानूस आनून राहिला." मग दोघंही हसले. मी समोरच्या कागदावर पेन्सिल टेकवून तशीच बसून राहिले. भोकं वाकडी नव्हती. हे त्या कारखान्यात फक्त मला माहीत होतं.

तो कारखाना तुमसरला होता. भातगिरण्यांचे सुटे भाग बनवायचा. ऐंशीच्या दशकाच्या मधली ती वर्षं. शेठजींच्या मनात आलं होतं की रोवणीचं, म्हणजे भातलावणीचं, एक हलकं, हातानं ओढायचं मशीन काढावं. त्यांच्या ओळखीचे एक सर नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे. गणिताचं एम.एस्सी. होऊन मी नुकतीच सरांच्या हाताखाली कामाला लागले होते. घर भंडाऱ्याला असल्यामुळे तुमसरला एस.टी.नं रोज जाणं-येणं मला सोपं होतं, म्हणून सरांनी मला तिथं बसवलं. बुधवारी मात्र नागपूरला जायचं. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर बुधवारी आम्हाला दोन तास मिळत.

माझं शिक्षण पहिल्यापासून नागपूरला नन्सच्या शाळेत, होस्टेलवर झालं. झाडीची, म्हणजे आमच्या भंडाऱ्याकडची, बोली मला सगळी कळायची, पण तोंडात यायची नाही. बोलले तर पुस्तकातलं मराठी बाहेर पडायचं आणि समोरचा माणूस सावरून उभा राहायचा. म्हणून मी कमी बोलायचे. लोकांना वाटायचं, बाईला पुष्कळ कळतं म्हणून ती गप्प असते. तो समज मी कधी दूर केला नाही. त्यात एक सुख होतं, आणि त्याची लाज मला पुढे फार वाटली.

मशीनचा जीव एका पंजात होता. पंजानं वरच्या ट्रेमधून भाताचे परे, म्हणजे रोपं, उचलायचे, खाली यायचं, चिखलात ठरलेल्या खोलीपर्यंत शिरायचं, परे तिथं सोडायचे आणि परत वर जायचं. हे सगळं चार पट्ट्यांच्या एका जोडणीनं करायचं होतं. एक पट्टी म्हणजे मशीनचा सांगाडाच, ती हलत नाही. दुसरी आखूड, ती गोल फिरते. तिसरी पलीकडे झुलते. आणि या दोघींना जोडणारी चौथी, मधली. पंजा या मधल्या पट्टीवर बसवलेला. आखूड पट्टी फिरवली की पंजाचं टोक हवेत एक वाकडातिकडा वक्र काढतं. तो वक्र आम्हाला हव्या त्या चार जागांमधून गेला पाहिजे, एवढाच प्रश्न.

सांगाडा ठरलेला होता आणि फिरत्या पट्टीची लांबीही. उरले चार आकडे: मधल्या पट्टीची लांबी, झुलत्या पट्टीची लांबी, आणि मधल्या पट्टीवर पंजा नेमका कुठं बसवायचा हे सांगणारे दोन. चार जागांची चार समीकरणं. पण ती सरळ नव्हती, फार उंच घातांकांची होती. असल्या समीकरणांना अंदाजानं एक उत्तर द्यायचं आणि ते सुधारत न्यायचं, ही नेहमीची रीत. अंदाज खऱ्या उत्तराच्या जवळ असेल तर चार-पाच फेऱ्यांत ते नेमकं सापडतं. लांब असेल तर आकडे रानोमाळ भटकतात. मी महिनाभर अंदाज लावले आणि महिनाभर आकडे भटकले.

वाट सरांनी दाखवली. पण त्या वाटेचं पहिलं पाऊल मिस्त्रींचं होतं.

मिस्त्री साठीच्या आसपासचे होते. घराणं विणकरांचं, पण ते तरुणपणीच लेथवर, लोखंड कातायच्या मशीनवर, गेले. मी आकडे भटकवत होते त्या महिन्यात त्यांनी प्लायवूडच्या पट्ट्या कापून, खिळे ठोकून एक जोडणी बनवली होती. पंजाच्या जागी पेन्सिलीचा तुकडा बांधून तिच्याकडून भिंतीवरच्या कागदावर वक्र काढून घेतला होता. वक्र हवा तसा नव्हता. उथळ होता आणि एका अंगाला झुकलेला. पण ती जोडणी न अडखळता फिरत होती.

सरांनी तो कागद पाहिला आणि मला म्हणाले, "हा आपला सोपा प्रश्न. या वक्रावरच्या कुठल्याही चार जागा घे. त्यांचं उत्तर काय?"

"या पट्ट्यांची मापं," मी म्हणाले.

"म्हणजे या प्रश्नाचं उत्तर आपल्या हातात आहे. आता या चार जागा आपल्याला हव्या असलेल्या चार जागांकडे थोड्या थोड्या सरकव. शून्यावर मिस्त्रींच्या जागा, एकवर आपल्या. मधे शंभर पावलं टाक. प्रत्येक पावलावर प्रश्न जरासाच बदलतो, म्हणून मागच्या पावलाचं उत्तर हाच पुढचा अंदाज. उत्तराला हाताशी धरून चालवत न्यायचं. याला होमोटॉपी म्हणतात." मग जाता जाता म्हणाले, "आकडा हळूहळूच बदलायला पाहिजे. एकदम उडाला तर समज, हात सुटला. तिथं थांब, मला सांग."

मिस्त्री शेजारी उभे होते. त्यांनी विचारलं, "म्हंजे माह्या जोडनीपासूनच सुरुवात होईल काय जी?"

"त्याच्यापासूनच," सर म्हणाले. मिस्त्रींनी मान खाली घालून लेथकडे पाहिलं. खुश झाले की ते असंच करायचे.

काम चालू झालं आणि सुरेख चाललं. शून्य दशांश एक, दोन, तीन. झुलत्या पट्टीची लांबी दर पावलाला मिलिमीटरभर सरकत होती. कॉम्प्युटर हळू होता. दोन तासांत थोडीच पावलं होत. साठाव्या पावलाच्या पुढे मात्र आकडे घाई करू लागले. लांबी दोनशे अठराची दोनशे सव्वीस, मग दोनशे पस्तीस. चौसष्टाव्या पावलाला उत्तर जमेचना. फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या, आकडे भटकले. मी पाऊल निम्मं केलं, पाव केलं. तरी तिथंच.

तो मे महिन्यातला शेवटचा बुधवार होता. शेठजींना रोवणीच्या आधी मशीन हवं होतं आणि पुढच्या बुधवारी कॉलेजला सुट्टी होती. माझी पंचवीसेक मिनिटं उरली होती. मी एकदम सत्तराव्या पावलावर गेले. कॉम्प्युटरनं पुष्कळ फेऱ्या खाल्ल्या आणि मग उत्तर दिलं. झुलती पट्टी एकशे चौसष्ट.

दोनशे पस्तीसवरून एकशे चौसष्ट. मी तो आकडा पाहिला. बघितलाच नाही असं मला कधी म्हणता येणार नाही, कारण मी त्याच्याखाली पेन्सिलनं रेघ मारली होती. पण तिथून पुढे, जूनच्या बुधवारांत, सगळं पुन्हा सुरेख चाललं. एकशे पासष्ट, सहासष्ट, आणि एकवर पोचले तेव्हा एकशे एकाहत्तर. चारही समीकरणांत आकडे घालून पाहिले, चारही शून्य. आखूड पट्टी पूर्ण गोल फिरेल की नाही ते तपासलं. फिरत होती. उत्तर उत्तरच होतं. ते कुठून आलं याच्याशी कुणाला काय करायचंय, असं मी स्वतःला सांगितलं.

सरांना द्यायची फाइल लावताना ते उडीचं पान मी काढून घेतलं. पानांना नंबर नव्हते. सरांनी शेवटचं पान पाहिलं, चार शून्यं पाहिली आणि सही केली. "शाब्बास," म्हणाले. मी "थँक यू, सर" म्हणाले. माझ्या पर्समध्ये ते पान चौपदरी घडी घालून होतं.

मिस्त्रींनी त्या मापांच्या लोखंडी पट्ट्या कापल्या, भोकं पाडली, पिना बसवल्या. जोडणी कोरडीच फिरवून पाहताना त्यांनी दोनदा थांबून पंजाखाली बोटं धरली.

"बाई, हा खाली पुरत नाही वाटते."

"कागदावर बरोबर आहे," मी म्हणाले.

एवढंच. दुसऱ्या दिवशी नवीन पट्ट्या कापून त्यांनी पुन्हा भोकं पाडली. तीच गत. शेठजींनी स्केल लावून एक भोक अर्धा मिलिमीटर सरकलेलं शोधून काढलं. अर्ध्या मिलिमीटरनं पंजा चार बोटं उथळ जात नाही, हे मला कळत होतं. मिस्त्रींनी तिसऱ्यांदा पट्ट्या कापल्या.

जुलैत दिघोरीला चाचणी झाली. लाखांदूरकडचं गाव, शेठजींच्या नात्यातल्या एका शेतकऱ्याची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, चिखलणी करून तयार होती. बाजूच्या बांधीत रोवणाऱ्या बाया कंबरेत वाकून काम करत होत्या. मशीन उतरताना दिसल्यावर त्या सरळ उभ्या राहिल्या. मिस्त्रींनी धोतर खोचून स्वतः मशीन ओढलं. पंजानं ट्रेमधून परे नीट उचलले, खाली आणले आणि पाण्याच्या वरच सोडून दिले. पुढच्या ओळीतही तेच. हिरवे परे पाण्यावर तरंगत एका कोपऱ्यात गोळा होऊ लागले.

एक बाई ओरडून म्हणाली, "भाऊ, हे परे लावत नाही, पोवाले शिकवते."

दुसरी म्हणाली, "अवो, हासू नको. उद्या आपली मजुरी हेच नेन."

"नेन तं नेन, पन चिखलात हात तं घालाव लागन का नाही त्याले?"

सगळ्या हसल्या. शेठजी पण हसले, आणि हसता हसता त्यांचा चेहरा बदलला. बांधावर उभे राहून, सगळ्यांच्या देखत ते मिस्त्रींना म्हणाले, "तीन-तीन खेपा भोकं पाडले तुम्ही. सरांच्या सहीचा कागद खोटा आहे का आता? नजर काम देत नसन तं सांगा बा तसं."

मिस्त्री चिखलात गुडघाभर उभे होते. ते म्हणाले, "मोजूनच पाडले शेठ." मग माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मी काही सांगते का, हे पाहायला. मी ट्रेमधले उरलेले परे सारखे करू लागले.

त्यानंतर दोन दिवसांनी, दुपारच्या सुट्टीत, ते जोडणी घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"बाई, तुम्हाले एक चीज दाखवतो. रागावू नका."

त्यांनी आखूड पट्टी फिरवली. पंजा पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर खडूच्या खुणांना अचूक शिवून गेला. तिसऱ्या जागेवर, चिखलातल्या खोल खुणेपाशी, चार बोटं वरून निघून गेला. मग त्यांनी झुलत्या पट्टीची पिन काढली, पट्ट्या पलीकडच्या बाजूनं वळवल्या आणि पिन परत घातली. आता पंजा खोल खुणेला केसभरही न चुकता शिवला. आणि बाकीच्या तिन्ही खुणा सुटल्या.

"चारी जागा जाते जी हा. पन एका खेपेले नाही. पिन काढून पलटवाव लागते. शेतात कोन पिन काढन?" त्यांनी पिन पुन्हा उपसून हातात घेतली. "माह्यानच काही उलटं लागलं असन, नाही का? तुमच्या कागदात तं चारी आहेत."

मला त्या क्षणी सगळं दिसलं. असल्या जोडणीच्या वक्राचे दोन वेगळे फेरे असतात. पट्ट्या ज्या बाजूनं जोडल्या त्या बाजूचा एक, पलटवून जोडल्या तर दुसरा. समीकरणाला दोन्ही सारखेच. ते एवढंच पाहतं की जागा वक्रावर आहे का. कुठल्या फेऱ्यावर, ते विचारत नाही. मिस्त्रींच्या प्लायवूडच्या जोडणीत चारही जागा एकाच फेऱ्यावर होत्या. तिथून उत्तर हळूहळू चालत आलं असतं, तर जागा एका फेऱ्यावरून दुसऱ्यावर गुपचूप जाऊच शकली नसती. जाताना मधली आणि झुलती पट्टी एका रेषेत आलेल्या मला दिसल्या असत्या. मी उडी मारली आणि परक्याच उत्तरावर जाऊन उतरले. चारही शून्यं खरी होती. मशीन खोटं होतं.

मी मिस्त्रींना म्हणाले, "बघते."

त्यांना वाटलं मी त्यांची चूक शोधणार आहे. "पाहा जी," म्हणाले आणि पिन पुसून खिशात ठेवली.

पुढचे तीन बुधवार मी ते काम नव्यानं केलं. या वेळी चौसष्टाव्या पावलाशी मी धडका मारल्या नाहीत. पुढं जाण्याचा हट्ट सोडला आणि वाटेचीच लांबी मोजत चालले; किती पुढं सरकायचं ते वाटेवर सोडलं. तेव्हा कळलं की तिथं वाट संपतच नव्हती. ती वळत होती. चौसष्टच्या अलीकडे वळून मागं येत होती. त्रेसष्ट, साठ, पंचावन्नच्याही खाली, आणि लांबी मात्र शांतपणे वाढत होती. मग पुन्हा वळून पुढं, सरळ एकपर्यंत. झुलती पट्टी दोनशे सदुसष्ट. चारही जागा एकाच फेऱ्यावर. मी पुठ्ठ्याची जोडणी करून दहा वेळा फिरवून पाहिली. मागं जावं लागतं म्हणजे आपण चुकलो, असं मला शाळेपासून वाटत आलं होतं. आणि तेव्हा विचारलं असतं, तर सरांनी पाच मिनिटांत हे सांगितलं असतं.

आता माझ्याकडे बरोबर मापं होती आणि एक सोपी सोय होती. ती "सुधारित नमुना" म्हणून द्यायची. कुणी काही विचारणार नव्हतं. मी तसा कागद तयारही केला आणि शेवटच्या बुधवारी कॉलेजात सरांच्या टेबलावर ठेवला. वळणदार अक्षरात, वर लाल शाईनं मथळा. पर्समधल्या पानाला हात लावला नाही.

नळावरचं बोलणं मी ऐकलं ते त्या दिवशी. तासाभरानं सर नागपूरहून आले. शेठजींनी त्यांना, मला आणि मिस्त्रींना लेथजवळ बोलावलं. बाकीचे कामगार हातातलं काम थांबवून उभे होते. शेठजी वाईट माणूस नव्हते, त्यांना हे बोलणं जड जात होतं.

"मिस्त्री," ते म्हणाले, "तुम्ही माह्या बापाच्या वेळचे. तुमाले काढत नाही मी. पन मापाचं काम आता नव्या मानसाकडं देतो. तुम्ही गेटवर बसा, माल मोजून घ्या. सरांनी नवीन मापं आनलीत म्हंते, ते त्याच्याकूनच करून घेऊ."

मिस्त्रींनी वरच्या खिशातली स्टीलची पट्टी काढली. ती ते नेहमी तिथं ठेवायचे. कडा झिजून गोल झाल्या होत्या. ती त्यांनी लेथच्या बेडवर ठेवली आणि म्हणाले, "शेठ, मी मोजूनच पाडले होते. पन तुमचं म्हननं असन तं असन."

नवा माणूस येणार, माझ्या नव्या मापांच्या पट्ट्या कापणार आणि मशीन चालणार. मग सगळ्यांना कळणार की मिस्त्रींचीच भोकं वाकडी होती. हे मला असं दिसलं जसं ते घडून गेलं होतं. माझा सुबक कागद सरांच्या हातात होता. सर तो वाचून माझ्याकडे कौतुकानं पाहत होते, आणि मला वाटलं, हे कौतुक मला अजून थोडा वेळ हवं आहे. अगदी त्या क्षणीसुद्धा मला तसं वाटलं. ते लिहायला मला इतकी वर्षं लागली.

मी पर्स उघडली. घडी घातलेलं पान घामानं मऊ पडलं होतं, घड्यांवर फाटत आलं होतं. ते मी सरांच्या हातातल्या कागदावर उलगडून ठेवलं. रेघ मारलेला आकडा वर आला. सरांनी वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं कौतुक जाताना मी पाहिलं. मान वर ठेवून पाहिलं, तेवढं मला जमलं.

"हे काय आहे?" शेठजींनी विचारलं.

सरांनी पान माझ्याकडे वळवलं, उत्तर माझ्यावर सोडलं. सगळे माझ्याकडे पाहत होते. नळाजवळचे ते दोघंही. मी शेठजींकडे न पाहता मिस्त्रींकडे पाहिलं आणि म्हणाले,

"मिस्त्रीजी, तुमची भोकं तिन्ही वेळा बरोबर होती. चूक माझ्या हिशेबात होती, आणि ती मला मे महिन्यापासून माहीत होती."